वारुळातल्या नागाचं देणं

प्रश्न: सर, आमचा दिंडोरीकडे मळा आहे, विहिरीच्या कडेला मोठं वारूळ आहे. आजी म्हणते तिथं धन आहे आणि नाग राखतो. नागपंचमीला पूजा करते, पण एरवी पोरांना त्या बाजूला फिरकू देत नाही. पुराणात सगळीकडे नाग पाण्यावर नि खजिन्यावरच का बसलेला असतो? आणि ज्याची पूजा करायची त्यालाच एवढं घाबरायचं, हे कसं काय?

उत्तर:

आजीचं वागणं मला तरी एकदम सुसंगत वाटतं. मी मूर्तिशास्त्र शिकवतो, नाशिकहून लेण्यांवर ग्रुप घेऊन जातो, आणि नागाचं शिल्प आलं की हा प्रश्न हमखास येतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

राखणदार म्हटलं की आपल्याला वॉचमन आठवतो, दुसऱ्याच्या मालावर पगारावर बसलेला. जुन्या कथांमधला नाग तसा नाहीये. तो त्या जागेचा मालक आहे, जमीन त्याची, जमिनीखालचं पाणी त्याचं, पुरलेलं काही असेल तर तेही त्याचं, आणि आपण त्याची कुळं. कुळाने मालकाला खंड द्यायचा, वर्षाच्या वर्षाला, वेळेवर. खंड दिला की पाणी मिळतं, पीक येतं. चुकवला की काय होतं ते कथेत सांगितलेलं असतं. पूजा म्हणजे तो खंड, आणि भीती म्हणजे तो चुकला तर काय होईल याची जाणीव. एकदा असं बघितलं की "पूजा पण आणि भीती पण" यात विरोध राहतच नाही.

हे मी मनाने जोडत नाहीये, एक कथा तर अक्षरशः खंडाचीच आहे. अपलाल नागाची. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग भारतात आला तेव्हा त्याने ही स्वात खोऱ्यात, म्हणजे आताच्या पाकिस्तानात, नोंदवली. स्वात नदीच्या उगमाच्या झऱ्यात हा नाग राहायचा. आधीच्या जन्मी तो माणूस होता, गांगी नावाचा मांत्रिक. वादळ-पाऊस आणणाऱ्या दुष्ट नागांना तो मंत्राने आवरून धरायचा, त्यामुळे पिकं वाचायची, घरात धान्य शिल्लक राहायला लागलं. लोकांनी आपणहून ठरवलं की दर घराने याला एक माप धान्य द्यायचं. काही वर्षं बरं चाललं, मग एकेक घर टाळायला लागलं (संकट दिसेनासं झालं की देणं जड वाटतं, हे तेव्हाही होतंच). गांगी संतापला, विषारी नाग होऊन यांची पिकं बुडवीन अशी इच्छा धरून मेला, आणि त्याच झऱ्यात नाग होऊन जन्मला. मग झऱ्यातून पांढरं पाणी वाहायला लागलं आणि शेतं नासायला लागली.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बुद्ध तिथे गेले, सोबतच्या वज्रपाणी या रक्षक यक्षाने डोंगराच्या कड्यावर गदा हाणली, नाग घाबरून बाहेर आला आणि शरण आला. आता इथे कथा संपायला हवी ना, नाग सुधारला, सगळे सुखी. पण नाग म्हणतो की माझं पोटच या शेतांवर आहे, ते पूर्ण बंद केलं तर मी खाऊ काय? आणि बुद्ध त्याचं ऐकतात. बारा वर्षांतून एकदा तू घे, असं ठरतं. म्हणून दर बारा वर्षांनी तिथे पांढऱ्या पाण्याचा पूर येतो असं लोक ह्युएन त्संगला सांगतात. (बारा म्हटल्यावर इथल्या माणसाला लगेच सिंहस्थ आठवणार, पण त्याचा याच्याशी संबंध नाही, ते गुरूच्या राशीचं गणित आहे.) म्हणजे प्रत्यक्ष बुद्ध येऊनसुद्धा नागाचा हक्क रद्द झाला नाही, फक्त हप्ता नव्याने ठरला. पूर येणारच हे लोकांना माहीत होतं, तो कधी आणि किती याच्यावर काहीतरी करार असावा एवढीच त्यांची अपेक्षा.

याच्या उलट, सगळं सुरळीत चाललेलं असतं तेव्हाचं चित्र फाहियान या आधीच्या चिनी प्रवाशाने लिहून ठेवलंय. तो साधारण इ.स. ४०० च्या आसपास आला होता. आताच्या उत्तर प्रदेशातल्या संकाश्य इथल्या विहारात एक पांढऱ्या कानांचा नाग राहतो, तो वेळेवर पाऊस पाडतो, संकटं येऊ देत नाही, म्हणून भिक्षूंनी त्याला राहायला जागा केलीय, बसायला आसन अंथरलंय, रोज तीन भिक्षू तिथे जाऊन जेवतात. भिक्षूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपला की तो छोट्या सापाच्या रूपात दिसतो, भिक्षू त्याला ओळखतात, तांब्याच्या भांड्यात दूधदुभत्याचं काहीतरी घालून त्यात त्याला ठेवतात, थोरापासून लहानापर्यंत सगळ्यांसमोरून फिरवतात, मग तो दिसेनासा होतो. वर्षातून एकदाच. आपल्याकडे श्रावणात वर्षातून एकदा आणि तिकडे वर्षावासाच्या शेवटी वर्षातून एकदा, वेळ वेगळी पण व्यवहार तोच.

आता हे सगळं लांबचं वाटत असेल तर अजिंठ्याला जा. १६ नंबरच्या लेणीला पूर्वी खालून वाघूर नदीकडून पायऱ्या चढून यायचे. त्या वाटेवर खाली दाराशी दोन गुडघे टेकलेले हत्ती, आणि वर वळणावर एका छोट्या खोलीसारख्या कोनाड्यात नागराज बसलेला, डोक्यामागे फणा, एकदम ऐटीत, दरबारात बसल्यासारखा. बहुतेक लोक फोटो काढून पुढे जातात. पण ही लेणी वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात खोदवली आणि त्याचा लेख तिथेच भिंतीवर आहे. वा. वि. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केलाय. त्यात लेणीचं वर्णन करताना पाण्याचा मोठा साठा आणि नागराजाचं घर या दोन गोष्टी जोडीने येतात. बुद्धाची लेणी, मंत्र्याचा पैसा, आणि तरी पाणी आलं की नागाचं घर आलंच पाहिजे, कारण डोंगरातून झिरपणारं ते पाणी वापरणार तर मूळ मालकाला दारात जागा द्यायला नको? १९ नंबरच्या बाहेर डाव्या अंगाला नागराज आणि त्याची राणी जोडीने बसलेत, तेही असंच निवांत. त्यांच्याकडे बघून कुणाला भीती वाटणार नाही, कारण तिथे त्यांचा मान राखलेला आहे. आपल्या पांडवलेण्यात अशी ठसठशीत नागमूर्ती नाही, पण पाण्याची टाकी आहेत, आणि १० नंबरच्या लेणीत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात लेणीसोबत "पोढी" म्हणजे टाकी खोदल्याचंही सांगितलंय. म्हणजे लेणी खोदणाऱ्यासाठी पाण्याची सोय ही लेणीइतकीच मिरवायची गोष्ट होती.

हे फक्त लेण्यांपुरतं नाही. मथुरेच्या म्युझियममध्ये छडगावचा नाग आहे, माणसापेक्षा उंच, वर सात फण्या, एक हात वर उगारलेला. त्याच्या पाठीवर लेख आहे, कुषाण राजा हुविष्काच्या काळातला, कुषाणांच्या शकाचं वर्ष ४०, आणि लिहिलंय की दोन मित्रांनी आपल्या पुष्करिणीवर हा बसवला, भगवान नाग प्रसन्न होवो. तळं खणलं की नाग बसवायचा. सांचीच्या आसपासच्या टेकड्यांमध्ये पुरातत्त्वज्ञ ज्युलिया शॉ यांनी जे काम केलं त्यात जुनी मातीची धरणं सापडली आणि त्यांच्याजवळ नागमूर्ती. धरण, तळं, टाकं, जिथे माणूस पाणी अडवतो तिथे तो हात जोडून कुणाची तरी परवानगी घेतोय.

पण मग नागच का, बेडूक का नाही, मासा का नाही? इथे तुमच्या मळ्यातल्या वारुळाकडे येतो.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्यावर एक अख्खा अध्याय आहे, दकार्गल नावाचा. सहाव्या शतकातलं पुस्तक. त्यात कोणतं झाड, त्याच्या कुठल्या दिशेला वारूळ, मग किती हातांवर खणायचं आणि किती "पुरुष" खोलीवर पाणी लागेल असे हिशोब दिलेत. एक पुरुष म्हणजे हात वर केलेला माणूस, १२० अंगुळं, आपल्या मापात सव्वादोन मीटरच्या आसपास. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुषांवर गोड पाणी. मोहाच्या उत्तरेला सापाचं बीळ असेल तर झाडापासून पश्चिमेला पाच हात सोडून साडेसात पुरुषांवर पाणी, म्हणजे साधारण सतरा मीटर, आणि खणताना पहिल्या पुरुषातच सर्पराज दिसेल, मग धुरकट माती, मग कुळथाच्या रंगाचा दगड, असं क्रमाने. मोह म्हटल्यावर पेठ-सुरगाण्याकडची माणसं लगेच कान टवकारतील. थोडक्यात वारूळ, साप आणि खालचं पाणी ही तिन्ही एकाच चिन्हात बसलेली होती, आणि ते चिन्ह बघणारी माणसं भाबडी नव्हती, विहीर खणायचा खर्च कुठे करायचा हे ठरवणारी होती.

त्यामागे थोडं खरं कारणही आहे. वाळवीला वारूळ बांधायला ओलसर चिकणमाती लागते आणि आत दमटपणा टिकवावा लागतो, त्यामुळे ती ओलाव्याच्या जागा धरते. ओल असते तिथे गवत, धान्य, उंदीर, आणि उंदरामागे नाग. नाग स्वतः वारूळ बांधत नाही, रिकामं मिळालं की राहतो. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की बाहेर येतो, म्हणजे बरोब्बर आषाढ-श्रावणात, जेव्हा आपण शेतात असतो. पाऊस आला की नाग दिसतो. मग पाऊस नागाने आणला असं म्हणणं फार लांब नाही. याची मर्यादाही सांगून ठेवतो, वारूळ वरच्या थरातली ओल दाखवतं, आपल्याकडे खाली काळा बेसॉल्ट आहे, पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये असतं, त्यामुळे वारूळ बघून दोनशे फुटांचं बोअर घेऊ नका, पैसे बुडतील.

आता धन. हे पाण्यापेक्षा सोपं आहे, तरी यावरच लोक सगळ्यात जास्त येडे होतात. बँका नव्हत्या तेव्हा हंडा जमिनीत, भिंतीत, जोत्याखाली पुरायचे. पुरणारा न सांगता मेला, वाडा पडला, पडक्या वाड्यात उंदीर आले, नाग आले. नंतर कुणी खणायला गेला की हंडा आणि नाग एकाच भोकात भेटणार. मग समज झाला की पैशात जीव अडकलेला माणूसच मेल्यावर नाग होऊन त्यावर बसतो. जातककथांमध्ये सच्चंकिर जातक आहे, त्यात पुरात एका ओंडक्यावर एक दुष्ट राजपुत्र, एक साप, एक उंदीर आणि एक पोपट वाहत येतात. साप आधीच्या जन्मी सावकार होता, त्याने चाळीस कोटी पुरून ठेवलेले, उंदरानेही तसेच तीस कोटी. दोघंही आपापल्या धनावर बसलेले. पण आज धनावर बसलेल्या उंदराची कुणी पूजा करतं का? नाही. कारण उंदराला हाकलता येतं. मालकी टिकवायला चावता यावं लागतं, हा माझा निष्कर्ष, कुणाला कडवट वाटेल. बेडूक-माशाचंही तेच, पाण्यात राहतात पण त्यांना कोण भितो.

पाणी, शेत आणि धन तिन्ही एकत्र बघायचं असेल तर पंचतंत्रातली हरिदत्ताची गोष्ट घ्या. काकोलूकीय या तिसऱ्या तंत्रात आहे. हरिदत्त ब्राह्मण शेती करतो, शेत काही पिकत नाही. एक दिवस उन्हात सावलीला बसलेला असताना वारुळावर फणा काढलेला नाग दिसतो. त्याच्या डोक्यात पहिला विचार काय येतो बघा, ही माझी क्षेत्रदेवता आहे, मी हिला कधी पूजलं नाही म्हणून शेत पिकत नाही. काठी शोधायचा विचार येत नाही. तो वाडग्यात दूध ठेवतो, माफी मागतो. दुसऱ्या दिवशी वाडग्यात एक दीनार. मग रोजच एक दूध, एक दीनार. एकदा तो गावाला जातो, मुलाला काम सांगून. मुलगा दीनार बघतो आणि हिशोब करतो की वारूळ आतून सोन्याने भरलेलं असणार, रोज एकेक कशाला, नागाला मारून एकदम घेऊ. काठी हाणतो, नाग वाचतो आणि त्याला चावतो, मुलगा मरतो. पुढे हरिदत्त परत येऊन दूध ठेवतो, तर नाग म्हणतो की तू लोभाने आलायस, तुझ्या मुलाने माझ्यावर काठी उगारली ते मी विसरत नाही आणि मी त्याला चावलो ते तू विसरणार नाहीस, आता आपली मैत्री कसली. एक हिरा देतो आणि परत येऊ नको म्हणतो.

इथे एक लक्षात घ्या की नाग कुठेही वाईट नाही आणि चांगलाही नाही. दूध आलं तोवर दीनार दिला, काठी आली तेव्हा चावला, आणि व्यवहार मोडला तेव्हा हिशोब मिटवून मोकळा झाला. (खरा नाग दूध पीत नाही हे सगळ्यांना माहीत असेलच, तहानलेला असेल तर गिळेल, पण ते त्याचं अन्न नाही. पूजेत दूध वारुळाला वाहा, पकडलेल्या नागाच्या तोंडाला लावू नका.)

कालियाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, तीही याच चष्म्यातून परत वाचून बघा. भागवतात कालिया यमुनेत का आला हे सांगितलंय. सगळे नाग दर महिन्याला गरुडाला बळी द्यायचे, म्हणजे नागांनाही वर कुणाला तरी खंड द्यावा लागत होता. कालियाने गरुडाचा वाटा स्वतःच खाल्ला. मग गरुड मागे लागला आणि सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुड येऊ शकत नाही अशा डोहात तो लपला. म्हणजे तो डोहाचा मूळ मालक नाहीच, बाकी थकवून पळालेला घुसखोर आहे! म्हणून त्याच्यामुळे पाणी विषारी, गुरं मेली. आणि कृष्णाने त्याला मारलं नाही, रमणक द्वीपाला परत पाठवलं, डोक्यावर पावलांचे ठसे राहिले म्हणजे गरुड काही करणार नाही असं सांगून. नागाला मारणं हा पर्याय या कथांमध्ये जवळजवळ कुणीच निवडत नाही. जनमेजयाने सर्पसत्रात निवडला, तर आस्तिकाने येऊन तो थांबवला.

तरी ही किल्ली सगळ्या कुलुपांना लागते असं नाही. तक्षक आणि परीक्षिताची गोष्ट यात बसत नाही, तिथे शाप आहे, पाणी किंवा जमिनीचा वाद नाही. शेष, वासुकी हे तर वेगळ्याच पातळीवर गेलेले. गावाच्या, तळ्याच्या, शेताच्या नागापुरतंच मी बोलतोय.

आणि मारला गेलाच तर? त्याचं उत्तर आपल्या शेजारी त्र्यंबकला आहे, नारायण नागबळी. तीन दिवसांचा विधी. त्यातल्या नागबळीत कणकेचा नाग करून त्याचा माणसासारखा अंत्यसंस्कार करतात, सुतक पाळतात, सोन्याचा नाग दान देतात. विधीचं फळ मिळतं का यावर मी बोलणार नाही, पण रचना बघा, सुतक आपण भाऊबंदाचं पाळतो. सोन्याचा नाग देताना तर सोनं आणि नाग परत एकत्र येतात, फक्त यावेळी सोनं माणसाकडून जातं. नागपंचमीला जमीन खणायची नाही, नांगरायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून दिंडं उकडतात. खणणं-नांगरणं बंद यातही तेच आहे, वर्षातला एक दिवस त्याच्या जमिनीत आपण हात घालायचा नाही.

आता तुमच्या मळ्याचं. आजी पोरांना तिकडे जाऊ देत नाही ते फार चांगलं करते, वारुळात हात किंवा काठी घालणं हे सर्पदंशाचं सोपं निमित्त आहे. विहिरीच्या कठड्याला धोका होत असेल किंवा नाग खरंच दिसत असेल तर सर्पमित्राला बोलवा किंवा वनविभागाचा १९२६ नंबर लावा. दंश झालाच तर मांत्रिक वगैरे काही नाही, सरळ दवाखाना, विषावरचं इंजेक्शन तिथेच असतं.

धनाचं म्हणाल तर आजीला सांगायची गरज नाही पण तुम्ही घरातल्या बाकीच्यांना सांगून ठेवा. "गुप्तधन काढून देतो, नाग मोकळा करतो" म्हणत कुणी आला तर त्याला बांधावरूनच परत पाठवा. या नादात पैसे जातात, काही ठिकाणी माणसांचे जीव गेलेत, त्यासाठीच २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला. मांडूळ धन दाखवतो या समजापायी त्या गरीब बिनविषारी सापाची तस्करी चालते, ते विकणं घेणं दोन्ही गुन्हा आहे. आणि उद्या विहिरीचा गाळ काढताना खरंच हंडा लागला, तरी १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याने दहा रुपयांच्या वरचं पुरलेलं काहीही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. मग त्यावर दावा कुणाचा, सापडणाऱ्याला किती आणि जमीनमालकाला किती, हे तिथे ठरतं.